वादग्रस्त लाभार्थी

सावरदरीला पूर आला तो सकाळी, बाया पाणी भरायच्या वेळेला. त्यामुळे माणूस एकही गेलं नाही. ढोरं गेली, धान्य गेलं, आणि नाल्याच्या काठाला जी मातीची घरं होती ती उभ्या जागी बसली. कापसाच्या शेतांवर गाळाचा असा थर चढला की कोणाचा बांध कुठे होता ते कोणालाच सांगता येईना. ते साल दोन हजार सहाचं होतं. यवतमाळ जिल्ह्यात तेव्हा पाहणी करणाऱ्यांची टंचाई नव्हती. कापसाचा प्रश्न पाहायला दिल्लीहून, मुंबईहून, परदेशातूनही माणसं येत आणि पाहून जात. पुरानंतर त्यात आणखी जीपांची भर पडली, एवढंच.

सावरदरी महागाव तालुक्यात, फुलसावंगीच्या अलीकडे. वर उतारावर बंजाऱ्यांचा तांडा आणि खाली नाल्याजवळ बौद्धांची वस्ती. मोनाली वानखडे इथे पुराच्या दुसऱ्या आठवड्यात आली. ती राहणारी मारेगावची, समाजकार्यात शिकलेली, घरची बौद्ध, आणि नोकरी एका ख्रिस्ती संस्थेत. संस्थेचं नाव करुणा सेवा संघ, कार्यालय नागपूरला. संघाची मुळं मिशनच्या दवाखान्यात होती, पण मदतकार्यात त्याचा मागमूस दिसू नये असा कडक नियम होता. पेटीवर क्रूस नाही, वाटपाच्या आधी प्रार्थना नाही, गावात धर्माविषयी बोलणं नाही. नोकरीला लागताना मोनालीनं या नियमांवर सही केली होती आणि तिला ते मनापासून पटले होते. भूक लागलेल्या माणसाला देव शिकवू नये, असं तिचं मत होतं.

तोवर गावात मदतीचे दोन गट येऊन पोचले होते. सगळ्यांत आधी आली ती फुलसावंगीच्या एका मशिदीची कमिटी. पाणी छातीला असताना त्यांची पोरं ट्रॅक्टर आणि दोर घेऊन आली आणि म्हाताऱ्या माणसांना ट्रॉलीत घालून शाळेत नेऊन बसवलं. नंतर त्यांनी निळ्या ताडपत्र्या दिल्या, इंजिन लावून विहिरी उपसल्या आणि ब्लीचिंग पावडर टाकली. त्यांच्या मौलानांचं म्हणणं होतं की जकातीचा, म्हणजे धर्मानं ठरवून दिलेल्या वार्षिक दानाचा पैसा आपल्यातल्या गरिबांसाठीच आहे, इतरांना तो देता येत नाही. म्हणून त्यांनी वेगळ्या दानपेटीतून खर्च केला. त्या पेटीला तशी अट नव्हती. आठवड्यात ते परत गेले, कारण त्यांच्या स्वतःच्या गल्लीतही गाळ होता.

दुसरं आलं आनंदधाम सेवा मंडळ. एका महाराजांच्या भक्तांचं हे मंडळ पुराच्या दुसऱ्याच दुपारी भट्ट्या आणि मोठाल्या डेगा घेऊन शाळेच्या मैदानात उतरलं. कोणाला काही विचारलं नाही, कसला कागद मागितला नाही. तासाभरात खिचडी तयार. त्यांचे प्रमुख रामलालजी, उमरखेड रस्त्यावर त्यांची सरकी काढायची गिरणी, म्हणजे जिनिंग होती. पांढरा शर्ट गाळानं भरला तरी स्वतः पंगतीत वाढत फिरत. त्यांच्या जिनिंगला एकदा आग लागली होती आणि महाराजांच्या कृपेनं निम्मा कापूस वाचला, तेव्हापासून ते सेवेत होते. निम्म्या तांड्यातल्या बाया हंगामात त्यांच्याच जिनिंगला कामाला जात. त्यामुळे ही सेवा देवाची किती आणि मजुरांची किती, हे गावात कोणी विचारलं नाही. खिचडीत कांदा-लसूण नसे. जेवणाआधी महाराजांच्या फोटोपुढे आरती होई. आरतीला उभं राहायची सक्ती नव्हती. फक्त आरती संपल्यावर पंगत बसे, म्हणून सगळे उभे राहत.

मोनालीचा संघ आला तेव्हा या सगळ्याला दहा-बारा दिवस झाले होते. उशीर का, तर आधी पाहणी, मग अहवाल, मग नागपूरची मंजुरी. तहसीलदारांनी बैठक घेऊन कामं वाटून दिली. एकच काम दोघांनी करू नये आणि कोणतं गाव सुटू नये, हा हेतू. सावरदरीत जेवण मंडळाकडे, निवारा संघाकडे. निवारा म्हणजे पत्रे, बांबू, हूक, नायलॉनची दोरी आणि भिंत नीट उभी करायला एक शिकवलेला मिस्त्री. संघाचं काम उशिरा सुरू होई, पण त्यांचं छप्पर वाऱ्यानं उडत नसे, हे रामलालजीही मान्य करत.

कोणाला छप्पर द्यायचं हे संघ स्वतः ठरवत नसे. ते गावानं सगळ्यांसमोर ठरवायचं, आणि निकष आधी वाचून दाखवायचे. घर पूर्ण पडलेलं, जमीन नाही, घरात विधवा, अपंग, गरोदर बाई किंवा मोठा आजार. एखाद्या घराबद्दल वाद असला तर तो तिथेच बोलायचा.

या सगळ्या निकषांत खेमसिंग आडे अगदी चपखल बसत होता.

खेमसिंग साठीचा. तांड्यातला, पण त्याचं घर तांड्यात नव्हतं. नाल्याच्या काठाला, बौद्धांच्या घरांना लागून त्याची झोपडी होती. जमीन नाही. काही वर्षांपूर्वी त्याला टीबी झाला. मिशनच्या दवाखान्यात तो कितीतरी दिवस पडून होता आणि बरा होऊन आला. एक फुप्फुस मात्र कामातून गेलं. तेव्हापासून तो आणि त्याची बायको मानीबाई रविवारी एस.टी.नं प्रार्थनेला जाऊ लागले. बाप्तिस्मा झाला होता की नाही हे तांड्यात कोणाला नक्की माहीत नव्हतं. कागदावर तो हिंदू बंजारा होता. तीजेच्या सणाला मानीबाई इतर बायांसोबत नाचे आणि रविवारी डोक्यावर पदर घेऊन एस.टी.ची वाट पाही. तांड्यात यावरून कधी भांडण झालं नाही. पण तांड्याचा प्रमुख असलेल्या नाईकाच्या घरच्या लग्नात त्याला बोलावणं उशिरा येऊ लागलं, आणि झोपडी नाल्याकाठी हलली ती तेव्हाच.

ग्रामसभा मारुतीच्या पारावर भरली. मोनालीनं निकष वाचले आणि एकेक घर घेतलं. खेमसिंगचं नाव आल्यावर मागून कोणीतरी म्हणालं, "तो तं त्यायचाच माणूस आहे. त्याले मिशन देईनच."

दुसरा एक जण हसून म्हणाला, "आदी त्याले देतीन. बक्षीस."

सरपंच भीमसिंग राठोड सभेचा अध्यक्ष होता. तपकीर ओढून त्यानं पुढचं नाव घ्यायची खूण केली. मोनालीनं विचारलं, "कोणाची हरकत आहे का?" कोणीच बोललं नाही. खेमसिंग पाराच्या कडेला बसला होता. त्यानं मान खाली घातली.

यात काही बिघडलं नसतं. पण त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या एका पेपरात बातमी आली की पूरग्रस्त भागात काही संस्था मदतीच्या नावाखाली धर्मांतर करत आहेत. संस्थेचं नाव नव्हतं, गावाचंही नव्हतं. नागपूरच्या संचालकांनी ती बातमी वाचली आणि मोनालीला फोन केला.

"सावरदरीच्या निवडीत आपल्या चर्चचं कोणी आहे?"

"एक घर आहे सर. खेमसिंग आडे. निकषात पूर्ण बसतात."

"ते मला कळतंय. पण पहिल्याच टप्प्यात आपल्याच माणसाला घर दिलं तर उद्या फोटोसह बातमी येईल. परवाना धोक्यात येईल, मग कोणालाच मदत नाही. तूर्त त्यांना वादग्रस्त लाभार्थी म्हणून बाजूला ठेवा. दुसऱ्या टप्प्यात पाहू."

"वाद कोणी घातलाच नाही सर."

"घालतील ना. तिथे ते महाराजांचं मंडळ आहेच," संचालक म्हणाले.

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. दुसऱ्या एका जिल्ह्यात संघाच्या माणसांना गावाबाहेर काढलं होतं, आणि तिथे पत्रे तसेच गोदामात गंजले. मोनालीनं विचार केला, बाकीची घरं महत्त्वाची. तिनं खेमसिंगला सांगितलं, "काका, तुमचं दुसऱ्या खेपेला होईल."

खेमसिंग म्हणाला, "होईन ना बाप्पा. माहं कुठं पळून जाते."

दुसरा टप्पा आलाच नाही. परदेशातल्या देणगीदारांचं लक्ष तोवर दुसऱ्या एका देशातल्या भूकंपाकडे गेलं होतं.

आता मंडळाचं काय झालं ते. खेमसिंग आणि मानीबाई सुरुवातीला शाळेच्या मैदानात जेवायला जात. आरतीला खेमसिंग हात जोडून उभा राही. पण शेवटी महाराजांचा जयजयकार होई तेव्हा त्याचं तोंड बंद असे. मंडळाच्या स्वयंसेवकांनी त्याला कधीही टोकलं नाही, पान वाढायचं टाळलं नाही. टोकलं ते तांड्यातल्याच पोरांनी. "खेमसिंगकाका, तुमच्या देवाची खिचडी कधी येऊन राह्यली?" असं एक जण म्हणाला आणि सगळी पंगत हसली. मानीबाईनं पान तसंच सोडलं आणि ती दुसऱ्या दिवसापासून गेली नाही. ती गेली नाही म्हणून खेमसिंगही गेला नाही. त्यांनी बौद्ध वस्तीतल्या रुखमाबाईकडून थोडी ज्वारी उसनी आणली आणि चूल पेटवली.

पुढे मंडळानं घराघरात भांडी, चादरी आणि किराणा वाटला. खेमसिंगच्या ताडपत्रीपाशी येऊन स्वयंसेवक थांबले. वाट दाखवायला सोबत आलेल्या गावकऱ्यानं सांगितलं, "यांचं मिशन पाहते." स्वयंसेवकांनी नमस्कार केला आणि ते पुढे गेले. सरकारी पंचनामा झाला होता, पण सानुग्रह धान्य वाटताना तलाठ्यानंही हेच गृहीत धरलं की इतक्या संस्था आहेत, कोणी ना कोणी दिलंच असेल. अशा रीतीनं सगळ्यांनी सगळ्यांचा मान राखला, आणि खेमसिंग मशिदीच्या कमिटीनं पहिल्या दिवसांत दिलेल्या निळ्या ताडपत्रीखाली राहिला. त्या कमिटीनं त्याला नावही विचारलं नव्हतं.

पाऊस गणपती उठून गेले तरी थांबला नाही. खेमसिंगचा खोकला वाढला.

दसऱ्याच्या सुमाराला देणगीदारांनी एक मूल्यमापक पाठवला. श्रावण ढोबळे त्याचं नाव. पूर, भूकंप, दुष्काळ झाला की संस्थांनी काम कसं केलं हे तो तपासत असे. वेळेवर केलं का, गरजेचं होतं का, कोणी सुटलं का, आणि मदतीआड धर्म शिरला का. बोलायला कमी, चालायला जास्त. सोबत त्यानं संस्थेचा माणूस घ्यायला नकार दिला. लोक मोकळं बोलत नाहीत म्हणाला. त्यानं तांड्यातल्या वर्षा पवारला दुभाषी म्हणून घेतलं. म्हाताऱ्या बायांशी बंजाऱ्यांच्या गोर बोलीत बोलायचं होतं आणि ती बारावी शिकलेली होती.

दोन दिवस तो घरोघर फिरला. तिसऱ्या दिवशी तो मोनालीच्या खोलीवर आला आणि चहा घेत म्हणाला, "तुमचं काम चांगलं आहे. पत्रे पक्के बसवलेत. धर्माचा विषय तुमच्या कोणी काढला नाही, हे सगळ्या गावानं सांगितलं. मंडळाची आरती लोकांनी सांगितली, पण जेवण सगळ्यांत आधी त्यांनीच दिलं हेही सांगितलं. दोन्ही लिहीन."

मोनालीला बरं वाटलं.

"मी प्रत्येक घरात एकच प्रश्न शेवटी विचारतो," तो पुढे म्हणाला. "या गावात कोणाला काहीच मिळालं नाही? तर सगळ्यांनी एकच नाव सांगितलं. अगदी सरपंचानंही. आणि प्रत्येकानं हेही सांगितलं की ते मिशनचं घर आहे, म्हणून. तुम्हाला ठाऊक होतं?"

मोनालीनं खरं ते सगळं सांगितलं. फोन, बातमी, दुसरा टप्पा.

श्रावण ऐकत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही तटस्थ राहिलात. कोणाची बाजू घेतली नाही. पण निष्पक्ष म्हणजे दुसरं. गरज कोणाला आहे एवढंच पाहायचं, मग तो कोणाचाही असो. आपलाही असो."

"मग मी काय करायला पाहिजे होतं?"

"ते सांगणं माझ्या कामात येत नाही," तो म्हणाला, आणि खरंच काही सांगितलं नाही. दुपारच्या गाडीनं तो फुलसावंगीला गेला.

मोनाली नाल्याकाठी गेली. मानीबाई चुलीवर भाकर टाकत होती. आत गोधडीवर खेमसिंग उशाला वीट घेऊन पडला होता. तो बोलायचा तर आधी दम घ्यायचा.

"याडी," तांड्यात आईला म्हणतात तशी हाक मारून मोनालीनं विचारलं, "दवाखान्यात न्यायचं का?"

"कोणत्या दवाखान्यात?" मानीबाई म्हणाली. "मिशनच्या? मंग तुमच्यावर नाव येईन ना."

मोनाली चुलीपाशी उकिडवी बसली.

मानीबाईनं भाकर उलटवली. "तो साहेब इचारत होता, तुमाले देवाच्या नावानं कोणी काही देल्लं का. मी म्हनलं, देल्लं नाही, साहेब. देवाच्या नावानंच मांगं ठेवलं. हे जयजयकार करत नाही म्हून ते सरकले. हे येशूचे म्हून तुमी सरकल्या. आमी कोणाचेच नसतो तं घर भेटलं असतं."

"तसं नव्हतं याडी."

"मंग कसं होतं?"

मोनाली उठली. तिनं पंचायतीजवळ उभी असलेली संघाची जीप मागवली, आणि खेमसिंगला त्याच दवाखान्यात नेलं जिथे तो मागे बरा झाला होता. नियमात असं वाहन देता येत नव्हतं. तिनं चालकाला सांगितलं, विचारलं तर म्हण मीच सांगितलं.

परत येताना ती रामलालजींच्या जिनिंगवर उतरली. नवा कापूस नुकताच यायला लागला होता. आवारात बैलगाड्यांची रांग, बाया डोक्याला फडकी बांधून सरकी बाजूला करत होत्या, आणि हवेत उडणारा कापूस सगळ्यांच्या भुवयांवर बसला होता. रामलालजी वजनकाट्यापाशी उभे होते. मोनालीला वाटलं होतं की हा माणूस चिडेल. काय बोलायचं ते ती रस्ताभर पाठ करत आली होती.

"शेठजी, खेमसिंग आडेला आम्ही घर देणार आहोत. तुमच्या मंडळाला हरकत असेल तर आत्ताच सांगा."

रामलालजींनी चष्मा पुसला. "हमको हरकत? कायले?"

"ते ख्रिस्ती आहेत म्हणून. लोक म्हणतील, मिशननं आपल्या माणसाला बक्षीस दिलं."

"लोक तर म्हणतात की मी मजूर मिळावे म्हणून खिचडी वाढतो," रामलालजी म्हणाले. "म्हणू द्या. थोडं खरं पण आहे. त्याचं घर पडलं का नाही पडलं?"

"पडलं."

"मग अब तक काहून नाही दिलं?"

"तुमच्यासाठी," मोनाली म्हणाली. "तुमचं मंडळ आवाज उठवेल असं आम्हाला वाटलं."

रामलालजी वजनकाटा सोडून पुढे आले. "मला कोणी विचारलं का नाही, मॅडम? मी कधी काय म्हणलं? आणि आमच्या पोरांनी त्याला सोडून दिलं, ते पण तुमच्यासाठीच. म्हणले, दुसऱ्या संस्थेचा माणूस आहे, आपण मध्ये पडलं तर त्यांना राग येईल. मी म्हणलो बरोबर आहे." त्यांनी वजनकाट्यावरच्या गाडीला पुढे जायची खूण केली. "म्हणजे मी पण तेच केलं."

ग्रामसभा पुन्हा भरली. या वेळी मोनालीनं निकष वाचले नाहीत. ती म्हणाली, "खेमसिंगकाकाचं घर आमच्या संस्थेनं आमच्याच भीतीनं बाजूला ठेवलं होतं. ते चुकलं. ज्याची हरकत असेल त्यानं हात वर करून नाव सांगून बोलावं. कार्यवृत्तात लिहिलं जाईल."

कोणी हात वर केला नाही. बक्षीस म्हणणारा माणूस समोरच बसला होता. तो आपल्या चपलेचा अंगठा नीट करत होता.

सरपंच भीमसिंग म्हणाला, "हरकत कायची? आमाले वाटलं तुमी आज ना उद्या गुपचूप देसान."

मोनालीनं नागपूरला ठराव पाठवला. नागपूरनं तो देणगीदारांकडे पाठवला. मंजुरीला वेळ लागेल असं कळवण्यात आलं.

रामलालजींना मंजुरी लागत नव्हती. सभेच्या तिसऱ्या दिवशी त्यांचा टेम्पो नाल्याकाठी येऊन उभा राहिला, आत नवे पत्रे, लाकडी बल्ल्या आणि सिमेंट. मंडळ वाटत असलेल्या प्रत्येक वस्तूवर महाराजांचा फोटो चिकटवलेला असे. या पत्र्यांवर तो नव्हता. माल दुकानातून थेट आणला आणि फोटो चिकटवायला वेळच मिळाला नाही, असं सोबतच्या स्वयंसेवकानं सांगितलं. तो हे इतकं नम्रपणे बोलला की हे खरं आहे की कोणी सांगून पाठवलं आहे, ते मोनालीला अखेरपर्यंत कळलं नाही. फोटो मात्र एक लागणार होता. मदत घेणाऱ्याचा, मंडळाच्या फलकासोबत. खेमसिंग दवाखान्यात होता. मानीबाई फलकापाशी उभी राहिली आणि कॅमेरा समोर आल्यावर तिनं ओढणी डोक्यावरून हनुवटीपर्यंत ओढली. मंडळाच्या वार्षिक पुस्तिकेत तो फोटो तसाच छापून आला. खाली लिहिलं होतं, एक कृतज्ञ भगिनी.

मिस्त्री मोनालीनं दिला. संघाचा मिस्त्री मंडळाच्या पत्र्यावर काम करतो हे नियमात बसतं का, असं नागपूरला विचारण्याऐवजी तिनं त्याला रविवारी बोलावलं. त्यानं पाया एक हात वर घेतला, म्हणजे पुढच्या पुरात पाणी उंबरा ओलांडणार नाही. बौद्ध वस्तीतल्या रुखमाबाईच्या दोन्ही पोरांनी माती वाहिली. तांड्यातून पहिल्या दिवशी कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी भीमसिंगनं बैलगाडी पाठवली.

भिंती सुकत आल्या तेव्हा नागपूरहून मंजुरी आली आणि सोबत एक सूचना. लाभार्थ्याला दुसऱ्या संस्थेकडून निवारा मिळाला असल्यास दुबार लाभ टाळण्यासाठी प्रकरण बंद करावे. मोनालीनं प्रकरण बंद केलं. करुणा सेवा संघानं खेमसिंगला शेवटपर्यंत एकही पत्रा दिला नाही. अहवालात सावरदरीत सर्व पात्र घरांना निवारा मिळाल्याची नोंद झाली आणि ती खोटी नव्हती. श्रावण ढोबळेनं आपल्या अहवालात खेमसिंगबद्दल एक परिच्छेद लिहिला होता. संचालकांनी तो दोनदा वाचला आणि मोनालीला नागपूरला बोलावलं. जीप दवाखान्यात नेल्याबद्दल तिला लेखी समज दिली. मग म्हणाले, "तुम्ही मला फोनवर जरा जोरानं सांगायला पाहिजे होतं."

"सांगितलं होतं सर. वाद कोणी घातला नाही म्हणून."

"हो," ते म्हणाले. "पण मी तेव्हा घाबरलो होतो." त्यांनी पाणी पिऊन गिलास खाली ठेवला. पुढच्या महिन्यात संघाच्या नियमांत एक ओळ वाढली. आपल्या धर्माचा माणूस आहे या कारणानं कोणालाही मागे ठेवू नये. ही ओळ कोणासाठी आली हे त्यात लिहिलेलं नव्हतं.

खेमसिंग थंडी पडल्यावर घरी आला. फुप्फुस आणखी थोडं गेलं होतं. त्याला आता कापूस वेचायलाही जाता येणार नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं की ओलाव्यात राहिल्यानं जे गेलं ते परत येणार नाही.

काम संपल्यावर घरोघर जाऊन लोक समाधानी आहेत का ते विचारायचं असतं. खेमसिंगचं घर मोनालीच्या वाट्याचं नव्हतं, तरी ती गेली. मानीबाई ओट्यावर सरकी निवडत होती. मोनालीनं घर कसं आहे विचारलं. मानीबाई म्हणाली, चांगलं आहे. पाणी गळते का, तर नाही. तक्रार काही, तर नाही.

मग मानीबाईनं विचारलं, "तुमी कोण्या धर्माच्या, बाई?"

"बौद्ध."

"मंग तुमाले भेव कायचं होतं?"

मोनालीनं खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण तोंडातून दुसरंच आलं. "नोकरीचं होतं याडी. अन् बाकीच्या घरायचं होतं. अन् आपलं नाव चांगलं राहावं म्हून होतं."

मानीबाईनं सूप बाजूला ठेवलं. ती रागावेल असं मोनालीला वाटलं. पण ती आत गेली आणि काही वेळानं गुळाचा काळा चहा घेऊन आली. दूध घरात नव्हतं.

"खरं बोलल्या म्हून देतो," ती म्हणाली. "माफ केलं म्हून नाही. ते बसले हायेत आत, त्यायले जाऊन इचारा माफीचं."

आतून खेमसिंगचा खोकला ऐकू आला. मग त्याचा आवाज, थांबून थांबून. "मले कायले इचारते... मले तं घर भेटलं. तू दे तिले चहा, थंडा होईन."

मोनाली ओट्यावर बसली आणि चहा प्यायली. नाल्याच्या पलीकडच्या शेतात गाळातून उगवलेल्या तुरीच्या शेंगा भरून पिकल्या होत्या. उशिरा पेरलेलं ते पीक येईल असं कोणी धरलं नव्हतं. मानीबाई त्या शेतात तोडणीला जायच्या घाईत होती, म्हणून ती म्हणाली, "कप धुवून ठेवजा, बाई," आणि विळा घेऊन निघून गेली.